बीए, पीएम, पीओ : कोणी काय करायचं? एका रद्द बिलावरून आमच्याकडे पेटलेला वाद

रानजाई

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण आठवडाभर डोक्यात हेच चाललंय. मी बाणेरला एका सर्व्हिस कंपनीत बीए, म्हणजे बिझनेस अॅनालिस्ट आहे, चार वर्षं झाली. सध्याचा क्लायंट म्हणजे गाड्यांच्या स्पेअर पार्टचा डिस्ट्रिब्युटर, चाकण, नाशिक आणि सांगली अशी तीन गोडाऊनं. त्यांचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर आम्ही करतोय, फिक्स प्राइस, पाच महिने, त्यातले चार गेले. पीओ म्हणून कागदावर त्यांचे सेल्स हेड आहेत, पण ते महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, डेमोला शेवटची दहा मिनिटं येतात, छान चाललंय म्हणतात आणि फोन आला की उठतात. म्हणून आमच्या पीएमनी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरनी, सुरुवातीलाच मला सांगितलं की प्रॉक्सी पीओ म्हणून तूच बघ. तर मी बघत होते.

सहाव्या स्प्रिंटमध्ये एक स्टोरी होती, बिलिंग क्लार्कला चुकीचं बिल रद्द करता आलं पाहिजे. मी तीन ओळी लिहिल्या: कारण निवडायचं, बिल रद्द दिसायला हवं, माल स्टॉकला परत लागायला हवा. डेव्हलपरनी केलं, टेस्टिंग झालं, पीओंना मेल टाकला, चार दिवस उत्तर नाही, स्प्रिंट संपत होता म्हणून जिरा ह्या कामं नोंदवायच्या टूलमध्ये मीच स्टोरी स्वीकारली.

गेल्या सोमवारी यूएटीत, म्हणजे क्लायंट स्वतः सॉफ्टवेअर तपासून बघतो तेव्हा, त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडमनी शनिवारचं एक बिल रद्द करायला घेतलं. आमच्या स्क्रीनवर रद्द झालं, स्टॉक वाढला, आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर मात्र बिल तसंच जिवंत, कारण तिथे २४ तास उलटले की आयआरएन, म्हणजे पोर्टलनी बिलाला दिलेला नंबर, रद्दच होत नाही. मॅडम म्हणाल्या, अहो पोर्टलवरनं हे बिल आपोआप जीएसटीआर-१ मध्ये येणार, म्हणजे कराच्या हिशेबात विक्री आहे आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, महिनाअखेरीला मी जुळवू काय? त्यांना २४ तासांनंतर क्रेडिट नोट हवी. क्रेडिट नोट आमच्या स्कोपमध्ये कुठेच नाही.

तेव्हापासून पीएम म्हणतायत हा सीआर, म्हणजे चेंज रिक्वेस्ट, वेगळे पैसे. सेल्स हेड म्हणतायत हा सरळ सरळ बग आहे, फुकट करा. आणि आमच्याच कंपनीतले वरचे लोक म्हणतायत की हा रिक्वायरमेंटमधला गॅप, म्हणजे मी. चूक माझी असेल तर मला मान्य आहे, नियम मी शोधायला हवा होता. पण सगळंच माझं होतं का, की मला तीन माणसांचं काम दिलं होतं, हे मला खरंच कळत नाहीये. तुमच्याकडे हे वाटप कसं असतं?

चिंचगूळ

साधं उत्तर आहे, स्क्रम गाइड वाचा. त्यात बीएही नाही आणि पीएमही नाही, प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर, संपलं. बॅकलॉगची जबाबदारी पीओची, आणि पीओ म्हणजे एक माणूस, कमिटी नाही. म्हणजे स्टोरी पीओनी लिहायची, नियम पीओनी शोधायचा, स्वीकारायची पीओनी. तुमचा सेल्स हेड काम करत नव्हता, चूक त्याची, विषय संपला.

पुढचं_पाऊल

मी पण बीए आहे ३ वर्षं, मला पीएम व्हायचंय, त्यासाठी पीएमपी करू की स्क्रमचं सर्टिफिकेट करू? पुण्यात पॅकेज कोणाला जास्त मिळतं पीओला की पीएमला? कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

खराडी_नीरा

@पुढचं_पाऊल, नवीन धागा काढ, तिथे सांगेन, इथे रानजाईचा प्रश्न राहू दे.

@रानजाई, मी पीओ आहे पण प्रॉडक्ट कंपनीत, त्यामुळे माझं चित्र वेगळं आहे ते आधी सांगते. आमच्याकडे पीएम नाही, बीए पण नाही. नियम मी शोधते, सपोर्टची तिकिटं मी वाचते, क्रम मी लावते. आणि ते जमतं कारण समोर करार नाहीये. एखादी गोष्ट राहिली तर ती पुढच्या रिलीजला जाते, फुकट की पैसे घेऊन असा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडे फिक्स प्राइस आहे, म्हणजे प्रत्येक राहिलेली गोष्ट कोणाच्या तरी खिशातून जाते, मग भांडण होणारच. त्यामुळे आमच्यासारख्या कंपन्यांचं मॉडेल उचलून तुम्हाला बसेल असं मला वाटत नाही.

भोसरीकर_आबा

माझा अनुभव क्लायंटच्या बाजूचा आहे. आमचा भोसरीत मशीन शॉप आहे, गेल्या वर्षी ईआरपी बसवला. पीओ उशिरा आला तर काम थांबतं हे अगदी खरं आहे, पण त्याला व्हेंडरचा पीएम जबाबदार कसा? पीओ तर आमचं पर्चेस डिपार्टमेंट काढतं, सही मालकांची लागते, ते परदेशी असले की आठवडा जातो. आगाऊ पीओ काढून ठेवायची सवय लावली आम्ही.

खराडी_नीरा

आबा, इथे पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डर नाही हो, प्रॉडक्ट ओनर. क्लायंटकडचा तो माणूस जो ठरवतो की सॉफ्टवेअरमध्ये काय हवं, काय नको आणि आधी काय हवं.

भोसरीकर_आबा

अच्छा. मग मला आत्ता एक गोष्ट कळली. आमच्या व्हेंडरनी सुरुवातीला एक शीट भरायला दिली होती, त्यात पीओ असा कॉलम होता, तिथे आम्ही पर्चेस मॅनेजरचं नाव लिहिलं. सात महिने ते लोक प्रत्येक प्रश्न त्या बिचाऱ्याला विचारत होते आणि तो मला येऊन विचारायचा की उत्पादनाच्या गोष्टी मला का विचारतात. कोणीही आम्हाला बसवून सांगितलं नाही की ह्या माणसाला आठवड्याचे किती तास द्यावे लागतील आणि काय काय ठरवावं लागेल. रानजाई ताई, तुमच्या सेल्स हेडला तरी कोणी सांगितलं होतं का?

रानजाई

आबा, नाही. किक-ऑफच्या पीपीटीत एका स्लाइडवर त्यांचं नाव होतं, एवढंच.

सिंहगड_पायथा

वीस-बावीस वर्षं ह्याच कामात आहे, आधी बीए, मग बरीच वर्षं पीएम, आता डिलिव्हरी. रानजाई, तुझ्या पोस्टमध्ये सगळं मटेरियल आहे, आपण हे एकच बिल धरून बघू. कारण बीएचं काम, पीएमचं काम अशा याद्या मी खूप पाहिल्यात, स्टोरी लिहिणे हे एकाच्या यादीत आणि स्टोरी समजावणे दुसऱ्याच्या, आणि असा पेच पडला की त्या यादीत उत्तर नसतं. मी कामं वाटत नाही, मी प्रश्न वाटतो. कुठल्या प्रश्नावर शेवटचा शब्द कोणाचा, एवढंच बघायचं.

पहिला प्रश्न. बिल रद्द करणे म्हणजे नेमकं काय, नियम काय, अपवाद काय. हा बीएचा. २४ तासांचा नियम सार्वजनिक आहे, आणि त्याला जोडून अजून एक आहे जो तू लिहिलेला नाहीस, त्या बिलावर चालू ई-वे बिल असेल तर २४ तासांच्या आतसुद्धा आयआरएन रद्द होत नाही, आधी ई-वे बिल रद्द करावं लागतं. आणि रद्द केलेल्या बिलाचा नंबर पुन्हा वापरता येत नाही. हे तिन्ही तुझ्या स्टोरीत हवे होते. पण हे स्क्रमचं पुस्तक वाचून किंवा सेल्स हेडला विचारून मिळत नाही, सेल्स हेडला हे माहिती असायचं कारण नाही. हे मिळतं चाकणला बिलिंग क्लार्कच्या शेजारी दोन तास बसून. त्याला विचारायचं, शेवटचं बिल कधी रद्द केलं, का केलं, काय काय क्लिक केलं, परवाचं असतं तर काय केलं असतं. आणि मागच्या महिन्याची रद्द बिलं मोजून घ्यायची, त्यातली किती त्याच दिवशी आणि किती नंतर. एवढी चूक तुझी आहे आणि ती तू मान्य केलीस.

दुसरा प्रश्न. २४ तासांनंतरची क्रेडिट नोट पहिल्या रिलीजमध्ये हवीच का, की दोन महिने जुन्या पद्धतीनी चालेल. हा पीओचा, आणि तो तुझा कधीच नव्हता. इथे तुझं काम त्यांच्यापुढे आकडा आणि पर्याय ठेवायचं. महिन्याला दोनच बिलं अशी असतील तर ते म्हणतील राहू दे, चाळीस असतील तर म्हणतील ह्याशिवाय मी चालूच करणार नाही. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, पण ती त्यांच्या धंद्याची उत्तरं आहेत. प्रॉक्सी पीओ ह्या शब्दाचा घोळ इथेच आहे, तुला पीओची खुर्ची मिळाली पण नाही म्हणायचा अधिकार मिळाला नाही. तू क्रेडिट नोट पुढे ढकलली असतीस तर क्लायंटनी ते मानलं असतं का? नाही ना. मग ती खुर्ची रिकामीच होती.

तिसरा प्रश्न. घेतली तर तारखेचं, माणसांचं आणि पैशाचं काय. हा पीएमचा. पीएमनी असं म्हणायचं नाही की क्रेडिट नोट नको, ते म्हणायचा त्याला हक्क नाही. त्यानी म्हणायचं, घेतली तर दोन डेव्हलपरचे तीन आठवडे, म्हणजे एक तर गो-लाइव्ह पुढे जाईल नाही तर दुसरं काहीतरी बाहेर काढावं लागेल, काय काढू ते तुम्ही सांगा.

आणि एक चौथी गोष्ट तुम्ही सगळ्यांनी सोडून दिलीय. पोर्टलनी रद्द करायला नकार दिला तरी तुमच्या सॉफ्टवेअरनी बिल रद्द दाखवलं आणि स्टॉक वाढवला. म्हणजे पोर्टलचं उत्तर यायच्या आधीच किंवा उत्तर न बघताच स्टेटस बदललं. हा निखळ बग आहे, नियम कुठलाही असो, नेट गेलं असतं तरी हेच झालं असतं. हे फुकटच करायचं. क्रेडिट नोट मात्र नवीन काम आहे. एका तक्रारीत दोन गोष्टी आहेत आणि तुमचे पीएम आणि त्यांचे सेल्स हेड प्रत्येकी अर्धीच बघतायत.

लिंबूसरबत

टेस्टर बोलतेय. पायथा सरांची चौथी गोष्ट अगदी बरोबर, आणि त्यात आमचीही चूक असते ती सांगते. सँडबॉक्सवर आम्ही बिल बनवतो आणि त्याच मिनिटाला रद्द करून बघतो, हिरवं दिसलं की पुढे. २४ तास जुनं बिल टेस्ट डेटामध्ये कधी नसतंच. रानजाई, तुमच्याकडे पण असंच झालं असणार. आणि पोर्टल एरर देतंय अशी केस कोणी लिहिली नाही कारण स्टोरीच्या तिन्ही ओळी सगळं नीट झालं तर काय ह्याच्याच होत्या. मी आता रिफाइनमेंटमध्ये प्रत्येक स्टोरीला एकच प्रश्न विचारते, समोरची सिस्टीम नाही म्हणाली तर? त्याचं उत्तर बीएकडे नसेल तर स्टोरी स्प्रिंटमध्ये घेऊच नका असं म्हणते, भांडण होतं पण तेवढं मी करते.

हिंजवडी_फेज_दोन

पीएमच्या बाजूनी कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. मी पीएम आहे. फिक्स प्राइसमध्ये पीएमवर मार्जिनचं किती प्रेशर असतं ते बाकीच्यांना दिसत नाही, आणि क्लायंटचा सेल्स हेड उत्तर देत नाही तर पीएम काय करणार, त्याच्या घरी जाऊन बसणार? बीएला प्रॉक्सी केलं नसतं तर टीम रिकामी बसली असती. डेव्हलपरचा एक दिवस रिकामा गेला की तो पण आमच्याच खिशातून जातो. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की रोज निर्णय घ्यायला टीमच्या जवळ कोणीतरी लागतं आणि ती व्यक्ती बीएच असणार.

सिंहगड_पायथा

@हिंजवडी_फेज_दोन, प्रेशर मी अनेक वर्षं सोसलंय त्यामुळे ते नाकारत नाही. पण तुम्ही जे लिहिलंत त्यातच पीएमचं सुटलेलं काम आहे. पीओ उत्तर देत नाही ही प्रोजेक्टची रिस्क आहे, रिक्वायरमेंटमधला गॅप नाही, आणि रिस्कचा मालक पीएम. त्याच्या घरी जायची गरज नाही. पहिल्या आठवड्यातच क्लायंटच्या मालकाला सांगायचं की तुमच्या माणसाचे आठवड्याला अमुक तास लागतील, ते जमणार नसेल तर दुसरं नाव द्या, आणि हे एसओडब्ल्यूमध्ये, म्हणजे कामाच्या करारात, क्लायंटची जबाबदारी म्हणून लिहायचं. मग उत्तर अडलं की तारीख किती हलली ते दर आठवड्याच्या रिपोर्टमध्ये आकड्यानी दाखवायचं. रानजाईच्या केसमध्ये चार दिवस उत्तर आलं नाही, ते चार दिवस कुठल्याच रिपोर्टमध्ये नाहीत, कारण तिनी ते स्वतःच्या अंगावर घेऊन झाकले. तिच्या मनात तसं नव्हतं, पण झालं तसंच.

टीमच्या जवळ कोणीतरी लागतं हे मात्र बरोबर. त्यासाठी मी एक साधी शीट वापरतो, पाच कॉलम. प्रश्न काय, उत्तर कोण देणार, कधीपर्यंत हवं, उत्तर नाही आलं तर आम्ही काय धरून चालणार, आणि ते धरणं चुकलं तर किती दिवसांचं काम फुकट जाईल. शेवटचे दोन कॉलम सगळ्यात महत्त्वाचे. बीए प्रश्न लिहिते आणि काय धरायचं ते सुचवते, पीएम ती शीट दर सोमवारी क्लायंटला पाठवतो, स्वतःच्या नावानी, बीएच्या नाही. तीन कामाचे दिवस गेले की धरलेलं गृहीत पक्कं होतं, आणि हे सुरुवातीला क्लायंटकडून लेखी मान्य करून घ्यायचं. मग नंतर बदललं तर सीआर आहे की नाही ह्यावर फार वाद राहत नाही, शीटकडे बोट दाखवायचं.

खराडी_नीरा

पायथा दादा, बाकी सगळं पटलं, पण गृहीत पक्कं होण्यावर माझी हरकत आहे. स्क्रीनवर बटण डावीकडे की उजवीकडे ह्याला ठीक आहे. कराच्या, पैशाच्या, स्टॉकच्या प्रश्नावर गप्प बसणं म्हणजे होकार असं तुम्ही क्लायंटवर लादू शकत नाही. कागदावर तुम्ही जिंकाल, पण महिनाअखेरीला त्या अकाउंट्सच्या मॅडमचं नुकसान झालेलं असेल आणि पुढचं काम तुम्हाला मिळणार नाही. असल्या प्रश्नावर उत्तर येईपर्यंत ती स्टोरी थांबवायची आणि टीमला दुसरं काम द्यायचं, क्रम बदलून.

सिंहगड_पायथा

नीरा, पैशाच्या प्रश्नाबद्दल तुझं बरोबर आहे, मी पण अशा ओळी लाल करतो आणि त्यांना तीन दिवसांचा नियम लावत नाही. पण दरवेळी थांबवणं परवडत नाही, शेवटच्या महिन्यात दुसरं काम उरलेलंच नसतं. तिथे आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

चिंचगूळ

पण सर मग स्क्रम गाइडचं काय? तुम्ही पीओचं काम बीएला देताय आणि स्क्रममध्ये नसलेला पीएम पण आणताय.

सिंहगड_पायथा

अरे तू वाचलंस ते बरोबर आहे, पुढचं वाक्य सुटलं. २०२० च्या आवृत्तीतही असं आहे की पीओ बॅकलॉगचं काम स्वतः करेल किंवा दुसऱ्याकडे सोपवेल, पण जबाबदारी त्याचीच राहील. म्हणजे नियम शोधणं, स्टोरी लिहिणं, समजावणं हे बीएनी केलं तर गाइडच्या विरुद्ध काही नाही. सोपवता येत नाही ती त्याची मान. आणि करार, बिलिंगचे टप्पे, सीआर, ह्याबद्दल ते पुस्तक बोलतच नाही, ते त्याचं क्षेत्र नाही. एसओडब्ल्यूवर सही झालेली तारीख कोणीतरी सांभाळावी लागतेच, तिला पीएम म्हण नाहीतर अजून काही. सर्व्हिस कंपनीत ते पुस्तक जसंच्या तसं लावायला गेलं की बरोबर तेवढीच जागा रिकामी राहते जिथे आत्ता रानजाई उभी आहे.

लिंबूसरबत

माझ्या आधीच्या कंपनीत ह्याच्यासाठी आरएसीआयचा, म्हणजे कुठलं काम कोण करणार आणि कोण जबाबदार ह्याचा, मोठा तक्ता केला होता, चाळीसेक ओळी, सगळ्यांच्या सह्या, आणि नंतर तो कोणी उघडला नाही. त्यात बऱ्याच ओळींना दोन दोन ए होते, म्हणजे दोन माणसं जबाबदार, म्हणजे कोणीच नाही. पायथा सरांची पाच कॉलमची शीट बरी वाटते कारण ती दर सोमवारी उघडावीच लागेल.

एक गोष्ट सांगते, वाटप बिघडलंय का ते ओळखायला मी जिरामधल्या कमेंट बघते. हे आत्ता नको, नंतर करू, असं वाक्य कोणाच्या नावावर आहे? ते बीएच्या नावावर सारखं सारखं दिसलं तर ती पीओगिरी करतेय, अधिकार असो वा नसो. आणि पीएमच्या नावानी स्वीकृतीच्या अटी एडिट झालेल्या दिसल्या, तेही स्प्रिंट संपायच्या आदल्या दिवशी, तर तारखेसाठी कोणीतरी काम कापलंय आणि पीओला सांगितलेलं नाही. दोन्ही प्रकार मी पाहिलेत.

रानजाई

मी आत्ता जाऊन बघितलं, सहा स्प्रिंटमध्ये असं नंतर करू माझ्या नावावर सतरा वेळा आहे. पीओंच्या नावावर एकदाही नाही. हे वाचून मला जरा बसायला झालं.

भोसरीकर_आबा

ताई, क्लायंट म्हणून सांगतो. तुमची सतरा वाक्यं मला माझ्या प्रोजेक्टमध्ये कोणी दाखवली असती तर मी रागावलो नसतो, मी मालकांकडे गेलो असतो. व्हेंडरकडून आम्हाला फक्त हिरवा-पिवळा-लाल असा रिपोर्ट यायचा आणि तो शेवटच्या महिन्यापर्यंत हिरवाच होता. तुम्ही ती यादी त्यांच्या सेल्स हेडपुढे ठेवा. पण एकट्या जाऊ नका, पीएमना सोबत न्या, नाहीतर तुम्ही तक्रार करताय असं वाटेल.

हिंजवडी_फेज_दोन

बरं, हे मला पटलं. एसओडब्ल्यूमध्ये क्लायंटच्या माणसाचे तास मी आजपर्यंत लिहिले नव्हते, पुढच्या प्रपोजलला लिहीन. पण एक मुद्दा मी सोडणार नाही, बीए पीएमला रिपोर्ट करत असेल तर तिला तारखेच्या विरुद्ध बोलणं कठीण आहे हे तुम्ही कोणी बोलत नाही. अप्रेझल पीएमच्या हातात असताना ती शीटमध्ये ओळ लाल करेल का? आणि मी पीएम असून हे लिहितोय.

खराडी_नीरा

हो, आणि ह्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. बीएची वेगळी प्रॅक्टिस असलेल्या कंपन्यांमध्ये तिचा रिपोर्टिंग मॅनेजर वेगळा असतो, तिथे थोडं मोकळं बोलता येतं, पण मग ती दोन साहेबांमध्ये सापडते.

रानजाई

अपडेट. काल त्यांच्या ऑफिसला बैठक झाली, पीएम सोबत होते, त्यांना मी हा धागा दाखवला नाही पण मुद्दे दाखवले. आधी मंगळवारी चाकणला जाऊन क्लार्कशेजारी बसले आणि मागच्या महिन्याची रद्द बिलं मोजली. एकूण ४१ निघाली, त्यातली २९ दुसऱ्या दिवशी किंवा नंतरची. कारण असं की चुकीचा माल गेलाय हे गॅरेजवाल्याला पेटी उघडल्यावरच कळतं, आणि ती दोन-तीन दिवसांनी उघडते. हे मला चार महिने माहिती नव्हतं, दोन तासांत कळलं.

आकडा बघितल्यावर सेल्स हेडच म्हणाले की एवढी असतील तर क्रेडिट नोट लागणारच. पीएमनी दोन पर्याय ठेवले, तीन आठवडे पुढे जाऊ किंवा योजनांचा आणि डिस्काउंटचा रिपोर्ट बाहेर काढू. त्यांनी तिसरा काढला, एक तारखेला चालू करायचंच, तोपर्यंत क्रेडिट नोटा अकाउंट्स टॅलीमध्ये काढेल, आणि आमच्याकडे २४ तासांनंतर रद्दचं बटण बंद ठेवायचं. क्रेडिट नोट दुसऱ्या टप्प्यात. पोर्टलनी नकार दिला तर काहीच बदलायचं नाही, ही बगची दुरुस्ती आम्ही ह्याच आठवड्यात फुकट करतोय, ते मान्य झालं. क्रेडिट नोटेच्या पैशाचं मात्र ठरलं नाही, त्यांचे मालक आणि आमचे वरचे लोक बोलणार आहेत. सेल्स हेड म्हणाले की नियमाचे प्रश्न अकाउंट्सच्या मॅडमना विचारा, क्रम मी लावेन. आठवड्याला दोन तास द्यायचे कबूल केलेत, बुधवारी.

सिंहगड_पायथा

छान. मॅडमना प्रश्न विचार, पण काय आधी करायचं हे त्यांच्याकडून कधी घेऊ नकोस, नाहीतर दोन पीओ होतील आणि दोघांच्या मध्ये पुन्हा तूच. आणि टॅलीत क्रेडिट नोट निघाली की तिच्यासाठी पण वेगळा आयआरएन लागतो, नंबरची मालिका तुमच्या सॉफ्टवेअरशी टक्कर खाणार नाही एवढं मॅडमना आणि त्यांच्या सीएना आजच विचारून ठेव. अजून एक, तुझी तिसरी ओळ, माल स्टॉकला परत लागायला हवा. बिल चुकीच्या जीएसटी नंबरवर निघालं म्हणून रद्द केलं तर माल परत आलेलाच नसतो, तो गॅरेजमध्ये आहे. मग स्टॉक का वाढवायचा?

लिंबूसरबत

आणि रद्द करण्याचं कारण तर तुमच्या स्क्रीनवर निवडतातच, म्हणजे कारणावरून कळेल की माल परत आलाय की नाही. की गोडाऊनवाल्यांनी पेटी हातात घेऊन हो म्हटल्यावरच वाढवायचा?

रानजाई

हे मला सुचलंच नव्हतं. चाकणला कारणावरून कळेल असं वाटतंय, पण सांगलीला ट्रान्सपोर्टवाला परत आलेला माल दोन दिवस स्वतःकडेच ठेवतो असं क्लार्क बोलता बोलता म्हणाला होता. शीटमध्ये पहिली ओळ हीच टाकते, लाल. उद्या सांगलीच्या गोडाऊनला फोन करते, आणि बुधवारी सेल्स हेडसमोर ठेवते.

@लिंबूसरबत, आज संध्याकाळी सँडबॉक्सवर दहा बिलं बनवून ठेवलीयत, परवा रद्द करायला घेणार.